दोन लाख नजरा, एकसष्ट विशलिस्ट

शेळी नावेच्या एका टोकाला उभी आहे. दुसऱ्या टोकाला गवताचा भारा. नावाडी दोर ओढतो, नाव अर्ध्या पाण्यात येते आणि शेळी गवताकडे दोन पावलं टाकते. झालं. नाव कलंडते, भारा पाण्यात, त्यामागे शेळी, त्यामागे नावाडी. शेवटी पाण्यावर फक्त टोपी तरंगत राहते. नऊ सेकंदांची क्लिप.

ही क्लिप मी एका रविवारी रात्री टाकली आणि झोपले. सकाळी उठून पाहते तर चाळीस हजार लोकांनी पाहिलेली. आठवडाअखेरीस आकडा दोन लाख दहा हजारांवर गेला. माझ्या आयुष्यात माझी कुठलीच गोष्ट दोन लाख लोकांनी पाहिली नव्हती. चित्रं काढणारा माझा मित्र आणि मी, आमची दोघांचीच टीम. त्यानं फोन करून विचारलं, "अगं, आता नोकरी सोडू का?" मी म्हटलं, थांब, उद्याचा अहवाल येऊ दे.

अहवाल आला. त्या आख्ख्या आठवड्यात आमच्या गेमला मिळालेल्या विशलिस्ट होत्या एकसष्ट. त्यातल्या पंचवीसेक तर क्लिप टाकली नसती तरी मिळाल्याच असत्या, कारण रोज तीन-चार येतच होत्या.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण इतक्या शब्दशः माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

गेम काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाघ, शेळी आणि गवताचं कोडं सगळ्यांनाच माहीत असतं. नावेत एका वेळी एकच न्यायचं, वाघाजवळ शेळी सोडायची नाही आणि शेळीजवळ गवत. आमचा गेम तिथून सुरू होतो आणि त्यात वजन आणि तोल आणतो. नाव दोराला बांधलेली आहे, कुणाला कुठे उभं करायचं हे तुम्ही ठरवायचं, आणि प्राणी आपापल्या स्वभावानं हलतात. शांत, संथ गेम आहे. संध्याकाळचं पाणी, दोराची करकर आणि विचार करायला हवा तितका वेळ. एका पातळीवर वीस मिनिटं डोकं खाजवत बसणाऱ्यांसाठी तो बनवला होता.

आणि त्या नऊ सेकंदांत यातलं काहीही नव्हतं.

विशलिस्ट म्हणजे स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानावरचं एक बटण. पैसे द्यावे लागत नाहीत, बांधिलकीही नाही. पण ते दाबलेल्या माणसाला गेम बाजारात येतो त्या दिवशी स्टीमकडून ईमेल जातो, आणि पुढे कधी वीस टक्के किंवा त्याहून जास्त सूट लागली तर पुन्हा जातो. जाहिरातीला पैसा नसलेल्या दोन माणसांसाठी पहिल्या दिवशी दार ठोठवायची हीच सोय. शिवाय येऊ घातलेल्या लोकप्रिय गेमची जी यादी स्टीमच्या पहिल्या पानावर दिसते, तिच्यातली जागाही बरीचशी विशलिस्टवर ठरते. त्यासाठी किती लागतात ते स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी सांगत नाही. गेम बनवणारे आपसांत सात ते दहा हजार असा अंदाज धरतात, आणि सगळे त्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. मीही बसले होते.

नियमाप्रमाणे 'लवकरच येत आहे' असं पान लाँचच्या आधी किमान दोन आठवडे उघडं असावं लागतं. दोन आठवड्यांत काहीच होत नाही. आम्ही अकरा महिने आधी उघडलं. ते तरी नशिबानं बरोबर केलं. क्लिप चालली आणि पान अजून यायचंय, अशी वरातीमागून घोडी मी ओळखीच्या दोघांकडे पाहिली आहेत. त्यांना तर एकसष्टही मिळाल्या नाहीत.

तर एकसष्टच का? पहिले दोन दिवस मी अल्गोरिदमला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी क्लिपखालचे सगळे अभिप्राय वाचायला बसले. नऊशेच्या वर होते. बहुतेक हसण्याचे, मित्रांना बोलावण्याचे, 'हा आमचा सोमवार' अशा धर्तीचे. काही जणांना ते नुसतं ॲनिमेशन वाटलं होतं. काहींनी विचारलं होतं की हा फोनवर खेळायचा गेम आहे का. गेमचं नाव विचारणारे मोजून चौदा. त्या चौदांपैकी चौघांना दुसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं होतं आणि ते चुकीचं होतं.

मग एक साधी गोष्ट लक्षात आली, जी आधी लक्षात यायला हवी होती. त्या क्लिपमध्ये खेळणारा माणूस कुठेच नव्हता. शेळी चालते, नाव कलंडते, माणूस पडतो, आणि हे सगळं आपोआप घडतं. बघणाऱ्याला हसू येतं, पण 'मी इथे काय केलं असतं' हा प्रश्न पडत नाही. गेम विकत घेणारा माणूस नेमका तोच प्रश्न घेऊन येतो. विनोद तर पाहता पाहताच मिळून जातो, त्यासाठी गेम घ्यायची गरज उरत नाही.

दोन महिन्यांनी टाकलेली दुसरी क्लिप मी याच विचारानं बांधली. चौदा सेकंद. पहिल्या दोन सेकंदांत काठावर वाघ, शेळी, गवत आणि एक जड दगड दिसतो, आणि वर एकच ओळ: 'दगड कुठे ठेवाल?' मग कर्सर दिसतो, खेळणारा दगड मधोमध ठेवतो, नाव निघते, शेळी हलते, नाव कलते पण बुडत नाही, फक्त दोर अडकतो. पुन्हा सुरुवात. आता दगड शेळीच्या मागे. नाव निघते, शेळी पाऊल उचलते, आणि तिथेच क्लिप संपते. उत्तर नाही.

ही क्लिप अकरा हजार लोकांनी पाहिली. शेळीच्या वीसपटीनं कमी. तीन दिवसांत रोजच्या सरासरीपेक्षा एकशे चाळीस विशलिस्ट जास्त आल्या. अभिप्रायांत लोक भांडत होते. दगड वाघाच्या पायाशी ठेवा, नाही हो, मग वाघ हलेल त्याचं काय. एकानं कागदावर आकृती काढून तिचा फोटो टाकला होता. तो माणूस आमचा गेम क्लिपमध्येच खेळायला लागला होता.

इथे एक कबुली. अर्धवट सोडलेला शेवट ही युक्ती मी पुढे चार वेळा वापरली आणि चौथ्या वेळी लोक वैतागले. एका माणसानं लिहिलं, 'तुमचा गेमही असाच अर्धवट आहे का?' त्यानंतर तीन क्लिपांपैकी एकच उत्तराशिवाय सोडायची, असं ठरवलं.

आता दुसरा अडथळा, जो पूर्णपणे यांत्रिक आहे आणि म्हणूनच जास्त चीड आणणारा. छोट्या उभ्या व्हिडिओंमधून दुकानापर्यंत थेट रस्ताच नाही. यूट्यूबनं ऑगस्ट 2023च्या अखेरीपासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि अभिप्रायांतल्या लिंक दाबता येणार नाहीत असं करून टाकलं. इन्स्टाग्रामवर रीलखालच्या मजकुरातली लिंकही दाबता येत नाही. म्हणजे क्लिप आवडलेल्या माणसाला फोन हातात असताना गेमचं नाव लक्षात ठेवायचं, स्टीमच्या ॲपमध्ये किंवा रात्री संगणकावर जायचं, नाव टाइप करायचं आणि बटण दाबायचं, इतकं सगळं करावं लागतं. नजर आणि विशलिस्ट यांच्यात एवढ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर माणसं गळतात.

त्यात आमच्या गेमचं पहिलं नाव नुसतं 'फेरी' होतं. सुटसुटीत म्हणून आम्हाला फार आवडलेलं. स्टीमच्या शोधात ते टाकलं की जहाजं चालवायच्या गेमांची रांग लागायची आणि आम्ही कुठेतरी खाली. हे नाव कुणी टाइप करून शोधेल असा विचार ते ठेवताना आमच्या मनातच आला नव्हता. मी आईला फोनवर नाव सांगून शोधायला लावलं. तिला सापडलं नाही. तिनं मलाच विचारलं, "तू नक्की टाकलायस ना गेम?"

नाव बदललं. 'लास्ट रोप फेरी'. तीन शब्द, ऐकून जसे वाटतात तसेच लिहायचे, आणि पहिले दोन टाइप करेपर्यंत खाली सुचवणीत आमचंच चित्र येतं. मित्राला नवं नाव अजून आवडत नाही. पण ते सापडतं.

नाव क्लिपमध्ये कुठे दाखवायचं, यावरही बरंच शिकायला मिळालं. शेवटच्या सेकंदाला काळ्या पडद्यावर नाव आणणं सगळ्यात निरुपयोगी. तोवर अंगठा पुढे सरकलेला असतो. खालच्या भागात लिहिलं तर तिथे ॲपचा स्वतःचा मजकूर येतो, उजवीकडे बटणांची रांग असते. उरते वरच्या तृतीयांशातली जागा, आणि तिथे नाव पहिल्या सेकंदापासून लहान अक्षरांत कायम ठेवणं. दिसायला थोडं ओबडधोबड दिसतं. मित्रानं शेवटी एक छान तोड काढली: नावेच्या कडेच्या फळीवरच नाव रंगवलं. खेळातल्या नावेवर, पांढऱ्या अक्षरांत, किंचित खरवडलेलं. ती कामाची का ठरली, ते शेवटी येईलच.

आता, क्लिपमुळे किती विशलिस्ट आल्या हे मी इतक्या ठामपणे कसं सांगते, हा प्रश्न योग्य आहे. अर्धं उत्तर असं की पूर्ण ठामपणे सांगताच येत नाही. स्टीम तुम्हाला लिंकच्या शेवटी खुणा जोडू देतं. गेम कसा बनतोय ते दाखवणाऱ्या आमच्या व्हिडिओंच्या, म्हणजे डेव्हलॉगच्या, खालची लिंक अशी असे:

```
https://store.steampowered.com/app/APPID/?utm_source=devlog&utm_campaign=dagad
```

`APPID` च्या जागी गेमचा क्रमांक. मग या लिंकवरून किती जण आले आणि त्यांतल्या किती जणांनी विशलिस्ट केलं, हे अहवालात दिसतं. पण स्टीमवर लॉगिन असलेल्यांचीच विशलिस्ट अशी मोजली जाते. फोनच्या ब्राउझरमध्ये पान पाहून रात्री संगणकावर बटण दाबणारा माणूस त्यात सापडत नाही. आणि नाव शोधून येणारा तर लिंकला शिवतच नाही.

म्हणून मी अगदी गावठी पद्धत वापरली. विशलिस्टचा अहवाल रोजच्या रोज दिसतो: किती वाढल्या, किती जणांनी काढून टाकल्या, किती शिल्लक. मी आधीच्या दोन आठवड्यांची सरासरी काढायची, क्लिप टाकल्यानंतरच्या तीन दिवसांची बेरीज करायची आणि फरक वहीत लिहायचा. हे जमावं म्हणून दोन पथ्यं पाळावी लागली. तीन दिवसांत एकच नवी गोष्ट बाहेर टाकायची. आणि एकच क्लिप यूट्यूबवर आणि इन्स्टाग्रामवर एकाच दिवशी टाकायची नाही, नाहीतर कुणामुळे काय झालं ते कळत नाही. जोडीला पानावर कोण कुठून आलं ते सांगणाऱ्या अहवालात शोधातल्या सुचवणीवरून आलेल्यांचा आकडा पाहायचा. क्लिप खरोखर पोचली असेल तर तो दुसऱ्या दिवशी उचलतो, कारण लोक नाव टाइप करत असतात. शेळीच्या आठवड्यात तो जवळपास सपाट होता. दोन लाखांनी पाहिलं आणि नाव जवळजवळ कुणीच टाइप केलं नाही, हे तिथे स्पष्ट दिसलं.

काढून टाकलेल्या विशलिस्टचं सुरुवातीला मला फार लागायचं. पाच वाढल्या, एक गेली, की कोण गेलं असेल याचा दिवसभर विचार. लोक याद्या आवरतात, इतकंच असतं ते. रोज थोड्या जातातच. एकाच दिवशी एकदम खूप गेल्या तर मात्र पाहावं, आपण त्या दिवशी काय जाहीर केलं होतं.

पानाबद्दल थोडक्यातच. क्लिपमधून आलेल्या माणसाला पानावर तीच गोष्ट पुन्हा दिसली पाहिजे. आमच्या जुन्या ट्रेलरमध्ये पहिले अकरा सेकंद धुकं, पाणी आणि आमच्या दोघांच्या स्टुडिओचं बोधचिन्ह होतं. ते काढून पहिल्याच सेकंदाला दगड, शेळी आणि कर्सर आणले. वरच्या लहान वर्णनात काव्य होतं, तिथे 'तोल आणि वजनाची नदीपार कोडी' असं सरळ लिहिलं. या दोन बदलांना एक संध्याकाळ लागली. ते मी चार महिने पुढे ढकलले होते, कारण त्या वेळात मी नव्या क्लिपा बनवत होते.

क्लिपा बनवणं हेही एक काम आहे आणि ते गेम बनवण्याच्या वेळातूनच जातं. सुरुवातीला मी क्लिप 'शूट' करायला बसायचे. अर्धा दिवस जायचा आणि नाव कधीच हवी तशी कलंडायची नाही. नंतर पद्धत उलटी केली. रोज गेम तपासताना पडद्यावरचं रेकॉर्ड करणाऱ्या ओबीएसमध्ये रिप्ले बफर चालू ठेवायचा. तो मागचे तीस सेकंद सतत आठवणीत धरून ठेवतो, आणि काही गमतीचं घडलं की एक कळ दाबायची, तेवढं फाइल म्हणून जपून राहतं. शुक्रवारी संध्याकाळी फोल्डर उघडायचा, पंधरावीस तुकडे असायचे, त्यातला एक निवडायचा.

फक्त एक अडचण राहते. आडव्या पडद्यावरचं चित्र कापून उभं केलं की 1080 ओळींच्या चित्रातली मधली साधारण सहाशे बिंदूंची पट्टी उरते, ती ताणली की पुसट होते आणि नावेची दोन्ही टोकं कापली जातात. तोलाच्या गेममध्ये टोकंच दिसली नाहीत तर उरलं काय! म्हणून आम्ही गेममध्येच एक लपवलेली कळ ठेवली. ती दाबली की कॅमेरा उभ्या चौकटीसाठी मागे सरकतो, बटणं लपतात आणि ती पातळी नेहमी एकाच क्रमाने घडते, म्हणजे शेळी दर वेळी त्याच क्षणी पाऊल उचलते. तुकड्यातली गंमत मग पुन्हा नीट टिपता येते. ही कळ बनवायला दोन दिवस गेले आणि अकरा महिन्यांतले ते सगळ्यात सत्कारणी लागलेले दोन दिवस.

डेव्हलॉगची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगताना मला अजून जरा अवघडल्यासारखं होतं.

मी दर दुसऱ्या गुरुवारी सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ टाकायचं ठरवलं होतं. पाच महिने पाळलं. पहिला होता पाण्याच्या शेडरवर, म्हणजे पाणी पडद्यावर कसं दिसावं ते ठरवणाऱ्या कोडवर. दुसरा दोराच्या भौतिकशास्त्रावर, दोर लांब झाला की तो कसा थरथरतो आणि त्यावर काय उपाय. प्रत्येकाला दोन-चारशे लोक, पण अभिप्राय सुरेख. लांब, जाणते, आस्थेचे. मला वाटलं, आपले लोक सापडले. ते होतेच आपले. सगळे गेम बनवणारे होते. त्यांना माझा दोर हवा होता. कोडी सोडवायचा त्यांचा काही विचार नव्हता. शेडरच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून महिन्याभरात आलेल्या विशलिस्ट एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

त्या लोकांनी मला खूप दिलं. दोराची थरथर त्यांच्यातल्याच एकाच्या सूचनेनं थांबली. पण विशलिस्टसाठी मी हे करते आहे, असं जे मी स्वतःला सांगत होते, ते खोटं होतं. मी ते करत होते कारण एकटीनं काम करताना गुरुवारी कुणीतरी वाट पाहतंय हे बरं वाटायचं. त्यासाठी दर वेळी दोन पूर्ण दिवस जात होते, म्हणजे दहा कामाच्या दिवसांतले दोन. पाच महिन्यांत जवळजवळ एक महिना.

मग मोड बदलला. व्हिडिओ महिन्यातून एकदा, आणि विषय खेळणाऱ्याच्या बाजूनं. त्याचा साचाही एकच ठेवला: एक प्रश्न, आम्ही काय करून पाहिलं, काय ठरलं. 'शेळीचं वजन किती असावं?' हा त्यातला सगळ्यात चाललेला. हलकी केली तर कोडं सोपं होतं, जड केली तर तिला हलवून चुकलेला डाव सावरता येत नाही, आणि खरी शेळी असते तितकी केली तर गंमत जाते. सहा मिनिटांत तीन वजनांची तीच पातळी तीनदा खेळून दाखवली आणि लोकांना निवडायला सांगितलं. त्यांनी मधली निवडली, आम्हीही तीच ठेवली होती. हा व्हिडिओ शेडरवाल्यापेक्षा दुप्पट लोकांनीच पाहिला, पण विशलिस्ट पाचपट आल्या. शिवाय त्यातून तीन क्लिपा निघाल्या, कारण प्रत्येक वजन म्हणजे आपलीच एक छोटी गोष्ट होती. उलट दिशेनं, म्हणजे क्लिपा जोडून डेव्हलॉग करणं, मी एकदा करून पाहिलं. ते कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी म्हणूनही चाललं नाही.

उरलेल्या गुरुवारी स्टीमच्या पानावरच तीनशे शब्दांची लेखी नोंद आणि एक हलतं चित्र. हे सगळ्यात स्वस्त निघालं, दीड तास. ही नोंद मुख्यतः आधीच विशलिस्ट केलेल्यांसाठी असते. अकरा महिने हा फार मोठा काळ आहे. शेळीवर हसून बटण दाबलेला माणूस सहाव्या महिन्यात यादी आवरताना आमचं चित्र बघून 'हे काय होतं बरं' म्हणणारच. मध्ये दोन-चारदा नोंद दिसलेली असेल तर निदान आठवेल. एक वाचक प्रत्येक नोंदीखाली फक्त 'दोर कसा आहे?' असं विचारायचा. दोराची थरथर थांबल्यावरही विचारत राहिला. मी दर वेळी उत्तर दिलं.

नेमाचा एक तोटाही झाला. आठव्या महिन्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. आम्ही सेव्ह फाइल बिघडण्याचा दोष शोधत होतो, आणि त्यात तीन आठवडे गेले. गुरुवार चुकू नये म्हणून मी एक नवा प्राणी, पाणघोडा, घाईनं बनवून दाखवला. लोकांना प्रचंड आवडला. तो गेममध्ये बसतच नव्हता, त्याचं वजन कुठल्याच कोड्यात मावत नव्हतं. पुढे दोन महिने प्रत्येक जण पाणघोड्याबद्दल विचारत होता. शेवटी त्याच्यासाठी एक वेगळी पातळी करावी लागली आणि ती गेममधली सगळ्यात कच्ची पातळी आहे. त्या गुरुवारी मी सेव्ह फाइलच्या दोषाबद्दलच दोन ओळी लिहायला हव्या होत्या.

लाँचच्या दोन महिने आधी आम्ही नेक्स्ट फेस्टमध्ये डेमो ठेवला. स्टीमचा हा उत्सव वर्षातून तीनदा होतो आणि एका गेमला एकदाच भाग घेता येतो, म्हणून तो शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवला होता. त्या एका आठवड्यात एकोणीसशे विशलिस्ट आल्या. क्लिपांनी आणि डेव्हलॉगांनी नऊ महिन्यांत जे जमवलं, त्याच्या निम्म्याहून अधिक. हे पाहून पहिल्यांदा वाटलं की मग इतके दिवस मी काय करत होते. पण डेमोचं पान उघडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आधी दगडाची क्लिप पाहिली होती, हे त्यांच्या अभिप्रायांतून कळत होतं. काही जण डेमोत सरळ त्याच पातळीवर जाऊन आपलं उत्तर तपासत होते.

लाँचच्या दिवशी शिल्लक विशलिस्ट होत्या पाच हजार आठशे. पहिल्या पानावरच्या त्या यादीत आम्ही आलो नाही. ईमेल गेले, काही लोक आले, पहिल्या आठवड्यात दहा परीक्षणं पूर्ण झाली आणि पानावर एकत्रित मत दिसायला लागलं. चाललं, ठीक चाललं. मित्रानं नोकरी सोडली नाही.

स्टीम एक तक्ता देतं, ज्यात कुठल्या महिन्यात विशलिस्ट करणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढे गेम घेतला हे महिनावार दिसतं. तो मी लाँचनंतर महिनाभरानं उघडला. शेळीच्या महिन्याची ओळ सगळ्यात फिकी होती. दगडाच्या महिन्याची त्याच्या जवळपास तिप्पट, तीही नंतरच्या नव्या महिन्यांच्या बरोबरीची. म्हणजे सात-आठ महिने वाट पाहूनही ती माणसं थंड झाली नव्हती. विशलिस्ट जुनी झाली की मरते असं मला खूप जणांनी ठासून सांगितलं होतं. माझ्या तक्त्यात महिन्याच्या वयापेक्षा त्या महिन्यात मी काय दाखवलं होतं, तेच जास्त दिसत होतं. एका गेमचा तक्ता आहे, त्याहून मोठा दावा मी करणार नाही.

शेळीची क्लिप अजून फिरते. गेल्याच आठवड्यात कुणीतरी ती आमचं नाव कापून, वर स्वतःचं गाणं लावून पुन्हा टाकली. दगडाच्या क्लिपनंतर आम्ही रंगवलेल्या नावेवर तीच शेळी टिपून पुन्हा टाकली होती, ही तीच आवृत्ती. वरची अक्षरं कापता आली, फळीवरची राहिली. नाव कलंडते, भारा पाण्यात जातो, शेळी जाते, टोपी तरंगते, आणि उलटलेल्या फळीवर पांढऱ्या, खरवडलेल्या अक्षरांत आमच्या गेमचं नाव उलटं दिसतं. खाली एकानं विचारलं होतं, हे काय आहे. दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं: फोन उलटा धर.